दोन जिल्ह्यांचे आयुर्मान आणि एका मृत्यूचा पत्ता

दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला किती माणसे मरण पावली, हे सांगणारा स्थूल मृत्युदर दोन जिल्ह्यांची तुलना करू पाहणाऱ्याच्या हाताशी सर्वांत आधी येतो आणि बहुतेक वेळा त्याची दिशाभूलही तोच करतो. ज्या जिल्ह्यातली तरुण माणसे पोटासाठी बाहेर गेली आहेत आणि गावात प्रामुख्याने वयस्क माणसे उरली आहेत, तिथे प्रत्येक वयात आरोग्य चांगले असले तरी हजारामागचे मृत्यू जास्तच दिसतात. उलट लहान मुलांची आणि तरुणांची गर्दी असलेल्या जिल्ह्यात बालमृत्यू जास्त असूनही एकूण दर बेताचा दिसू शकतो. रत्नागिरी आणि नंदुरबार या दोन जिल्ह्यांची जोडी या अडचणीचे नेमके उदाहरण आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या १६,१५,०६९ आणि नंदुरबारची १६,४८,२९५, म्हणजे आकाराने दोन्ही जिल्हे जवळपास सारखे होते. मात्र त्याआधीच्या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे ४.८ टक्क्यांनी घटली होती आणि नंदुरबारची २५ टक्क्यांहून अधिक वाढली होती.

वयाच्या रचनेचा हा परिणाम बाजूला काढण्यासाठी जीवनसारणी मांडतात. या सारणीत एक लाख जन्मांचा एक काल्पनिक समूह धरला जातो, त्याला त्या जिल्ह्यातले वयोगटवार मृत्युदर आयुष्यभर लावले जातात आणि तो समूह एकूण किती वर्षे जगतो हे मोजले जाते. त्या एकूण वर्षांना एक लाखाने भागले की जन्माच्या वेळचे अपेक्षित आयुर्मान मिळते. सार्वजनिक आरोग्याच्या अहवालात या दोन जिल्ह्यांची तुलना कशी मांडावी, याविषयीचे दोन दृष्टिकोन पुढील संवादात समोरासमोर आणले आहेत. एक दृष्टिकोन लोकसंख्याशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापिकेचा आहे आणि दुसरा कोकणात बरीच वर्षे आरोग्यसेवेत घालवलेल्या डॉक्टरांचा आहे. ही दोन्ही माणसे कल्पित आहेत. जनगणनेचे आकडे खरे आहेत आणि जिथे केवळ गणित समजावण्यासाठी आकडे मानले आहेत तिथे तसे म्हटले आहे.

अध्यापिकेचा पहिला आग्रह असा होता की अहवालात प्रत्येक जिल्ह्यासाठी पुरुषांची आणि स्त्रियांची स्वतंत्र जीवनसारणी द्यावी आणि तिच्या आधाराने आयुर्मानाचा एकेक आकडा ठळकपणे छापावा. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, वयोगटवार मृत्युदरांचे अठरा-अठरा आकडे दोन रांगांत छापले तर जिल्हा परिषदेचा कोणताही सदस्य ते वाचणार नाही. आयुर्मान हा एकच आकडा असा आहे की ज्यात सगळे वयोगट सामावतात आणि तरीही लोकसंख्येत म्हातारे किती, मुले किती, याचा त्यावर परिणाम होत नाही.”

डॉक्टरांचा आक्षेप सारणीच्या गणिताला नव्हता. त्यांनी विचारले, “मॅडम, सारणीत मृत्यू एका कागदावरून येतात आणि माणसे दुसऱ्या कागदावरून. रत्नागिरीत हे दोन कागद एकाच लोकांविषयी बोलतात, असे आपण कशावरून धरता?”

या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी सारणीची एक ओळ प्रत्यक्ष सोडवून दाखवणे अध्यापिकेला आवश्यक वाटले, कारण चूक कोणत्या खान्यात शिरते हे कळल्याशिवाय तिचा आकार कळत नाही. त्यांनी ६० ते ६४ वयोगटातल्या पुरुषांसाठी मानलेले आकडे घेतले. तीन वर्षांत या गटात मिळून ६०,००० व्यक्तिवर्षे भरली असे समजावे, आणि व्यक्तिवर्ष म्हणजे एका माणसाने त्या वयोगटात जगलेले एक वर्ष. त्याच तीन वर्षांत या गटात १,२०० मृत्यू नोंदले गेले, तर मृत्युदर ०.०२ येतो. हा दर वर्षाचा आहे. सारणीला मात्र साठावा वाढदिवस पाहिलेला माणूस पासष्टावा पाहण्याआधी मरण्याची संभाव्यता हवी असते, आणि ती पुढील सूत्राने मिळते :

q = n × m / (1 + (n − a) × m)

येथे m हा मृत्युदर आहे, n ही वयोगटाची रुंदी म्हणजे ५ वर्षे आहे, आणि a म्हणजे त्या गटात मरणारी माणसे गटात शिरल्यानंतर सरासरी किती वर्षे जगली तो आकडा. मध्यम वयात तो अडीच धरणे पुरते. यावरून q हा ०.१ भागिले १.०५, म्हणजे ०.०९५२ येतो. आधीच्या ओळींतून ८२,००० माणसे साठाव्या वर्षापर्यंत पोचली असतील, तर त्यांतली ७,८१० या गटात मरतात आणि ७४,१९० पुढच्या गटात जातात. वाचलेल्यांनी प्रत्येकी पाच वर्षे आणि मेलेल्यांनी प्रत्येकी अडीच वर्षे या गटात काढली, म्हणून या ओळीत जगलेली एकूण वर्षे ३,९०,४७५ होतात. अशा सर्व ओळींची जगलेली वर्षे खालून वर बेरजेत घेत गेले की आयुर्मान तयार होते. अध्यापिकेने एक ताळाही दाखवला : ७,८१० ला ३,९०,४७५ ने भागले की पुन्हा ०.०२ हाच दर परत यायला हवा आणि तो येतो. ही पद्धत चिन लाँग च्यांग या संख्याशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते आणि लहान प्रदेशांच्या सारण्यांसाठी जगभर वापरली जाते.

सारणीच्या दोन टोकांना मात्र हे सूत्र जसेच्या तसे चालत नाही. पहिल्या वर्षात मरणारी बहुतेक मुले जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच मरतात, म्हणून तिथे a अर्धे वर्ष धरता येत नाही, तो पुष्कळ लहान धरावा लागतो, आणि संभाव्यता जिवंत जन्मांच्या संख्येवरून थेट काढणे अधिक सुरक्षित ठरते. दुसरे टोक ८५ वर्षे आणि त्यापुढच्या उघड्या गटाचे. या गटाला वरची मर्यादा नाही, म्हणून तिथे पोचलेल्यांचे उरलेले आयुष्य मृत्युदराच्या व्यस्तावरून काढतात. दर ०.१५ असेल तर १ भागिले ०.१५, म्हणजे सुमारे ६.७ वर्षे.

“आता आपला आक्षेप या दोन टोकांना लावून पाहू,” असे म्हणून अध्यापिकेने वाद गणितात उतरवला, आणि या संवादातला सर्वांत उपयोगी भाग येथून सुरू होतो.

डॉक्टरांनी नंदुरबारपासून सुरुवात केली. सातपुड्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा या तालुक्यांत पाडे विखुरलेले आहेत, घरी जन्मून पहिल्याच आठवड्यात दगावलेल्या मुलाचा जन्मही नोंदला जात नाही आणि मृत्यूही नोंदला जात नाही, शिवाय हिवाळ्यात ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या कुटुंबात मूल गेले तर त्याची नोंद गावी पोचण्याची शक्यता आणखी कमी असते, असे त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्रात बालमृत्यू कागदावर मोठ्या प्रमाणात कमी दिसतात, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव ठेवलेल्या नोंदींच्या आधारे दाखवून दिले होते, याचीही त्यांनी आठवण दिली.

अध्यापिकेने त्याचे माप काढले. हजार जन्मांमागे खरे अर्भकमृत्यू ३० आणि नोंदलेले १५ आहेत असे मानले, आणि एक वर्षाच्या मुलाचे पुढचे अपेक्षित आयुष्य सुमारे ७२ वर्षे धरले, तर नोंद न झालेले प्रत्येक मूल सारणीत जिवंत राहते आणि तिथे पुढची ७२ वर्षे जगते. पंधरा मुलांची मिळून १,०८० वर्षे होतात, ती हजार जन्मांत वाटली जातात, आणि जिल्ह्याचे आयुर्मान १.०८ वर्षांनी खोटे वाढते. जन्म आणि मृत्यू दोन्ही नोंदींतून गळले तरी या हिशेबात फारसा फरक पडत नाही, कारण छेद हजाराऐवजी ९८५ झाल्याने संभाव्यता नाममात्र बदलते.

रत्नागिरीतले टोक दुसरे आहे. डॉक्टरांचे निरीक्षण असे की ऐंशी-नव्वदीतला माणूस घरातच गेला, वारसाहक्काचा किंवा निवृत्तिवेतनाचा प्रश्न नसला, तर मृत्यूचा दाखला काढण्याची घाई कोणाला नसते. कायद्याप्रमाणे २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद व्हायला हवी, पण गरज नसलेला दाखला मागे पडतो, आणि स्त्रियांच्या बाबतीत तो अधिक मागे पडतो कारण अनेकदा त्यांच्या नावावर काहीच नसते. त्यात वयाचीही गडबड होते, म्हणजे पंचाहत्तरीची आजी जनगणनेत नव्वदीची सांगितली जाते. नोंदींतली ही गळती कोणा एका ग्रामसेवकाच्या माथी मारता येत नाही, कारण तिचे मूळ कुटुंबाच्या गरजेत आहे, आणि या बाबतीत डॉक्टरांचे निरीक्षण मान्य करावेच लागते.

याही चुकीचे माप अध्यापिकेने मानलेल्या आकड्यांवर काढले. एक लाखातली ३०,००० माणसे पंच्याऐंशीपर्यंत पोचतात, तिथला खरा मृत्युदर ०.१५ आहे, पण तिसरा हिस्सा मृत्यू नोंदलेच गेले नाहीत म्हणून सारणीत तो ०.१० दिसतो. उरलेले आयुष्य ६.७ ऐवजी १० वर्षे होते, प्रत्येकामागे सुमारे ३.३ वर्षांची भर पडते, ३०,००० जणांची मिळून एक लाख वर्षे होतात, आणि जिल्ह्याच्या आयुर्मानात बरोबर एक वर्ष खोटे मिळते.

“म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत जवळपास एकेक वर्ष खोटे वाढले,” अध्यापिका म्हणाल्या, “आणि वजाबाकी केली की दोन्ही चुका एकमेकींना खातात. खरे आयुर्मान रत्नागिरीत ७५ आणि नंदुरबारमध्ये ७१ असेल, तर छापील आकडे ७६ आणि ७२ येतील. फरक चार वर्षांचाच राहतो. तुलनेसाठी मागितलेला आकडा तर टिकला.”

डॉक्टरांनी या टिकण्यावरच बोट ठेवले. “फरक टिकला, पण तो कशामुळे आहे हे उत्तर बदलले. अहवाल वाचणारे शेवटी विचारणार आहेत की चार वर्षे कोणत्या वयात गमावली जातात, कारण पैसा त्या वयावर खर्च करायचा आहे.”

हा मुद्दा नीट उलगडण्यासारखा आहे. दोन सारण्यांतला एकूण फरक वयोगटांमध्ये वाटून देण्याची रीत एदुआर्दो अरिआगा यांनी १९८४ मध्ये मांडली, आणि आज जिल्हा तुलनेच्या चांगल्या अहवालात ती असतेच. तिचा गाभा सोपा आहे : एका वयोगटातला मृत्युदरातला फरक किती माणसांना वाचवतो आणि ती वाचलेली माणसे पुढे किती वर्षे जगतात, याचा गुणाकार त्या वयोगटाच्या नावे मांडायचा. वरच्याच मानलेल्या उदाहरणात रत्नागिरीचे अर्भकमृत्यू हजारी १० धरले, तर खऱ्या आकड्यांनुसार फरक हजारी २० चा आहे आणि गुणिले ७२ केले की चार वर्षांतली १.४४ वर्षे, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा, एकट्या पहिल्या वर्षाचा ठरतो. नोंदलेल्या आकड्यांनुसार मात्र फरक हजारी ५ चाच दिसतो, पहिल्या वर्षाचा वाटा ०.३६ वर्षांवर येतो, म्हणजे दहावा हिस्सासुद्धा राहत नाही, आणि उलट पंच्याऐंशीपुढच्या वयात रत्नागिरीला नसलेले एक वर्षाचे श्रेय मिळते. असा अहवाल वाचून कोणी म्हणेल की नंदुरबारचा प्रश्न वृद्धांच्या आरोग्यसेवेचा आहे. एकूण फरक जुळतो म्हणून सारण्या तपासायच्या राहून गेल्या, तर नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न त्या जुळलेल्या फरकाखाली गाडला जातो.

अध्यापिकेने हे मान्य केले, पण आपली बाजू सोडली नाही. त्यांचे म्हणणे असे की ही चूक आयुर्मानाच्या आकड्याची नाही, ती तपासणी न करता आकडा छापणाऱ्याची आहे. तपासणीच्या खुणा सारणीतच असतात. सुमारे पस्तीस वर्षांनंतर मृत्युदर वयाबरोबर जवळपास ठरावीक पटीने वाढत जातो, हे बेंजामिन गोम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये दाखवले होते. म्हणून मृत्युदरांचे लॉगरिदम आलेखावर मांडले तर ते सरळ रेषेच्या आसपास पडतात. पंच्याऐंशीपुढचा दर ८० ते ८४ च्या दरापेक्षा कमी किंवा जेमतेम तेवढाच आला, तर वृद्धांचे मृत्यू गळले आहेत किंवा वये फुगवली आहेत असे समजावे. दुसऱ्या टोकाला, अर्भकमृत्यूंपैकी पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंचा वाटा पाहावा. अर्भकमृत्युदर खाली येतो तसा हा वाटा साधारणपणे वाढत जातो, म्हणून एकूण दर कमी आणि पहिल्या महिन्याचा वाटाही कमी असे चित्र दिसले, तर नवजात मुले नोंदीबाहेर राहिली आहेत हे जवळपास निश्चित धरता येते. सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी अशा वयांवर मृत्यूंची गर्दी दिसली, तर वय विचारून लिहिले आहे, दाखल्यावरून नाही, हे कळते.

या खुणांविषयी दोघांत मतभेद उरला नाही. पण रत्नागिरीची खरी अडचण सारणीच्या मधल्या ओळींत आहे आणि ती अशा आलेखावर दिसत नाही, हे डॉक्टरांचे पुढचे म्हणणे होते. २०११ मध्ये रत्नागिरीत ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ स्त्रिया मोजल्या गेल्या, म्हणजे हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया. नंदुरबारात हेच प्रमाण ९७८ होते. रत्नागिरीतले हे अंतर निसर्गाचे नाही. कामाच्या वयातले पुरुष मुंबईत, ठाण्यात मोजले गेले. त्या वर्षी गणनेची फेरी फेब्रुवारीत झाली आणि शिमगा मार्चमध्ये होता, त्यामुळे सणाला घरी येणारा चाकरमानी तेव्हा मुंबईच्याच खोलीत होता, आणि जनगणनेच्या नियमाप्रमाणे तो तिथेच मोजला जाणे योग्यही होते.

मृत्यू मात्र या नियमाने चालत नाही. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे घडला तिथल्या निबंधकाकडे त्याची नोंद होते. मुंबईत गिरणीत, गोदीत किंवा दुकानात आयुष्य काढलेला माणूस असाध्य आजार झाला की गावच्या घरी येतो आणि त्याचा मृत्यू रत्नागिरीत नोंदला जातो, जरी त्याची व्यक्तिवर्षे मुंबईच्या छेदात धरलेली असली तरी. याउलट चिपळूण किंवा लांज्याचा कायमचा रहिवासी गंभीर अवस्थेत मुंबईच्या किंवा कोल्हापूरच्या रुग्णालयात नेला जातो आणि तिथे गेला तर त्याचा मृत्यू रत्नागिरीच्या अंशातून निसटतो.

डॉक्टरांनी ३० ते ३४ वयोगटातले पुरुष घेऊन, मानलेल्या आकड्यांनी, यातला धोका दाखवला. गावी १०,००० पुरुष आहेत आणि त्याच गावांचे ४,००० मुंबईत आहेत. दोघांचाही मृत्युदर वर्षाला हजारी ३ आहे. गावच्यांतले ३० मरतात, त्यांतले ५ बाहेरच्या रुग्णालयांत. मुंबईकरांतले १२ मरतात, त्यांतले ६ गावी येऊन. रत्नागिरीच्या नोंदवहीत २५ अधिक ६, म्हणजे ३१ मृत्यू दिसतात. “तीस हवे होते, एकतीस आले. कोणत्याही तपासणीत हा आकडा खटकणार नाही. पण एकतीसपैकी सहा जण आपल्या छेदात कधी नव्हतेच, आणि आपले पाच जण दुसऱ्या जिल्ह्याच्या नावावर आहेत. वय वाढले की हे प्रमाण बदलते, पंचावन्नच्या पुढे परत येणाऱ्यांचा लोंढा वाढतो, आणि मग चुका एकमेकींना खाण्याचे थांबते. आपल्या पुरुषांच्या आयुर्मानात कोकणच्या हवेचा वाटा किती आणि मुंबईच्या कारखान्याचा किती, हे या सारणीवरून कसे सांगायचे?”

येथे अध्यापिकेचे उत्तर काहीसे अनपेक्षित होते, कारण त्यांनी स्वतःच्या शास्त्रातली एक लोकप्रिय दुरुस्ती रत्नागिरीसाठी नाकारली. नोंदी अपुऱ्या असलेल्या देशांसाठी विल्यम ब्रास यांनी १९७५ मध्ये वृद्धिसंतुलनाची पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक वयापुढची लोकसंख्या, त्या वयात नव्याने शिरणारे लोक आणि त्या वयापुढचे मृत्यू यांचा मेळ घालून एकूण किती टक्के मृत्यू नोंदले गेले याचा अंदाज काढतात आणि सगळे मृत्यू त्या प्रमाणात वाढवतात. ही पद्धत लोकसंख्या बंदिस्त आहे असे धरते, म्हणजे कोणी आत आले नाही आणि कोणी बाहेर गेले नाही. रत्नागिरीत पंचविशीत माणसे बाहेर पडतात आणि साठीत काही परत येतात. हे गृहीतक इथे पहिल्याच पायरीवर मोडते, आणि पद्धत बाहेर गेलेल्या माणसांनाच न नोंदलेले मृत्यू समजू लागते. “सूत्र उत्तर देईल,” अध्यापिका म्हणाल्या, “पण ते उत्तर स्थलांतराचे असेल, नोंदणीचे नाही.”

छेदाचा प्रश्न तर याहून कठीण निघाला. डॉक्टरांना अहवालात अलीकडची वर्षे हवी होती, कारण २०११ चे चित्र आजच्या आरोग्य केंद्रांविषयी काय सांगणार, असा त्यांचा सवाल होता. अध्यापिकेने २०१९ साठी रत्नागिरीची लोकसंख्या दोन रीतींनी पुढे नेऊन दाखवली. २००१ ते २०११ मधली घट त्याच वेगाने चालू राहिली असे धरले तर ती सुमारे १५.५ लाख येते. जिल्ह्याचा राज्यातला हिस्सा स्थिर राहिला आणि राज्य मागच्या दशकाच्या १५.९९ टक्के वेगानेच वाढत गेले असे धरले तर ती सुमारे १८.२ लाख येते. दोन्ही रीती अहवालांत सर्रास वापरल्या जातात. त्यांच्यात १७ टक्क्यांचे अंतर आहे, त्यामुळे प्रत्येक वयोगटाचा मृत्युदर त्याच प्रमाणात वर किंवा खाली जातो, आणि आजच्या मृत्युमानाच्या पातळीवर आयुर्मान त्याने दीड ते दोन वर्षांनी हलते. तेही एकाही मृत्यूची नोंद न बदलता.

याउलट योगायोगाच्या चढउतारामुळे पडणारा फरक अशा आकाराच्या जिल्ह्यात अगदी लहान असतो. तीन वर्षांचे मृत्यू एकत्र घेतले तर च्यांगच्या पद्धतीने काढलेली अनिश्चितता पाव वर्षाच्या आतबाहेरच राहते. अध्यापिकेच्या मते जिल्हा अहवालांतला सर्वांत फसवा भाग हाच आहे : आकड्यापुढे अधिक-उणे ०.२ असे छापले की वाचकाला वाटते, सगळी शंका त्यात आली. प्रत्यक्षात तो आकडा फक्त नशिबाच्या हेलकाव्याचे माप देतो, गळलेल्या नवजात मुलांचे, चुकीच्या छेदाचे किंवा मुंबईहून परतलेल्या रुग्णाचे नाही. हे शब्द अहवालात त्या आकड्याशेजारीच छापले जावेत, हा त्यांचा आग्रह योग्य होता.

म्हणून सारणी २०१० ते २०१२ या तीन वर्षांच्या मृत्यूंवर बांधावी आणि छेद म्हणून जनगणनेची प्रत्यक्ष मोजलेली लोकसंख्या तिप्पट करून घ्यावी, अशी अध्यापिकेची सूचना होती. जनगणना या तीन वर्षांच्या जवळजवळ मध्यावर पडते, त्यामुळे पुढे ढकललेल्या अंदाजाची गरजच राहत नाही. डॉक्टरांनी ते अनिच्छेने मान्य केले, मात्र अलीकडच्या काळासाठी नोंदलेल्या मृत्यूंची वयोगटवार संख्या दराशिवाय, आहे तशीच, दुसऱ्या तक्त्यात द्यावी अशी अट घातली. मोजमापाच्या दृष्टीने हा तक्ता कमकुवत आहे, पण नंदुरबारात पहिल्या महिन्यातले किती मृत्यू आज नोंदले जातात हे त्यातून निदान दिसते.

शेवटचा वाद आयुर्मान कोणत्या वयापासून मोजावे यावर झाला. अध्यापिकेने सुचवले की जन्माच्या वेळच्या आयुर्मानाबरोबर पंधरावा वाढदिवस पाहिलेल्याची साठाव्याआधी मरण्याची संभाव्यता द्यावी, कारण तिच्यात दोन्ही संशयास्पद टोके येत नाहीत. डॉक्टरांना हा उपाय एका अर्थी पटला आणि दुसऱ्या अर्थी अजिबात पटला नाही. रत्नागिरीच्या वृद्धांना वगळल्याने जिल्ह्याचे फारसे नुकसान होणार नाही, पण नंदुरबारच्या अर्भकांना तक्त्याबाहेर ठेवले, तर तुलना स्वच्छ होईल आणि ज्यांच्यासाठी ती करायची तीच मुले नोंदवहीप्रमाणे अहवालातूनही बाहेर राहतील, असे ते म्हणाले. शिवाय १५ ते ६० हेच रत्नागिरीच्या स्थलांतराचे वय आहे, म्हणजे एक दोष टाळण्यासाठी दुसऱ्या दोषाच्या मध्यभागी जाऊन बसण्यासारखे आहे. अध्यापिकेजवळ यावर पूर्ण उत्तर नव्हते. त्यांनी एवढेच सुचवले की नंदुरबारसाठी अर्भकमृत्यूंच्या दोन पातळ्या धरून, नोंदलेली आणि तिच्या दुप्पट, दोन सारण्या छापाव्यात, आणि वाचकाला दोहोंतले अंतर दिसू द्यावे.

अंशाच्या बाबतीत मात्र दोघांनाही एकच मार्ग दिसला, आणि तो सूत्रात नव्हता, नमुना क्रमांक २ मध्ये होता. मृत्यूच्या नोंदीचा हा अर्ज मृत्यू कुठे झाला एवढेच विचारत नाही, त्याच्या सांख्यिकीय भागात मृत व्यक्तीचे राहण्याचे गाव, तालुका आणि जिल्हाही विचारतो. बृहन्मुंबई आणि कोल्हापूरच्या २०१० ते २०१२ च्या नोंदींतून राहण्याचा जिल्हा रत्नागिरी असलेले अर्ज वेगळे काढले, आणि रत्नागिरीच्या नोंदींतून राहण्याचा जिल्हा मुंबई किंवा ठाणे असलेले बाजूला केले, तर अंश आणि छेद एकाच माणसांचे होऊ शकतात. नंदुरबारसाठी हेच काम धुळे आणि सुरतेच्या नोंदींवर करावे लागेल. यातली अडचण डॉक्टरांना ठाऊक होती : वीस वर्षे परळला राहून शेवटचे दोन महिने गावी काढलेल्या माणसाचे राहण्याचे गाव कोणते, असे ग्रामपंचायतीत विचारले, तर मुलगा बहुधा आपल्या वाडीचेच नाव सांगतो. म्हणून त्यांनी असे सुचवले की एका तालुक्यातले, शक्यतो खेड किंवा संगमेश्वरातले, पुरुषांचे २५ ते ६४ वयाचे अर्ज घरोघर जाऊन आधी पडताळावेत, मृत्यूपूर्वीच्या सहा महिन्यांत तो माणूस प्रत्यक्ष कुठे राहत होता हे विचारावे, आणि अर्जावरच्या उत्तरांपैकी किती बदलावी लागतात ते पाहूनच सारणीची पहिली ओळ भरायला घ्यावी.